किडनीसाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन सुरू झाली आहे? पहिला रिपोर्ट पाहून गोळी परत आणू नका

आमच्या मेडिकलमध्ये दर महिन्याला कुणी ना कुणी डॅपाग्लिफ्लोझिनची अर्धी संपलेली पट्टी घेऊन येतं. म्हणणं एकच असतं: "किडनीसाठी म्हणून गोळी दिली, आणि क्रिएटिनिन उलट वाढलं. ही परत घ्या." कापलेली पट्टी आम्ही परत घेत नाही, कारण बॅच नंबर आणि मुदत अर्धवट राहिलेलं औषध दुसऱ्या पेशंटला देणं बरोबर नाही. पण खरी अडचण पैशांची नाही. गोळी नेमकी कामाला लागते तेव्हाच ती बंद केली जाते, आणि किडनी सांभाळण्याचे महिने हातचे जातात.

आधी ही वाढ कशाने होते ते पाहू. किडनीत रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक गाळण्या असतात. गाळलेल्या पाण्यातली साखर पुढच्या नळीत पुन्हा रक्तात ओढली जाते आणि तिच्याबरोबर सोडियमही ओढलं जातं. ही गोळी ते काम अडवते. मग जास्त सोडियम नळीत पुढे जातं, किडनीला त्याची जाणीव होते आणि ती गाळणीत रक्त आणणारी बारीक रक्तवाहिनी थोडी आवळून घेते. त्यामुळे गाळणीतला दाब उतरतो. ठिबकवाल्यांना हे लगेच कळेल. मोटारीचा दाब जास्त असेल तर आज पाणी भरपूर पडतं, पण नळ्या फुटतात. दाब कमी केला की पाणी थोडं कमी पडतं, नळ्या मात्र टिकतात. पहिल्या महिन्यात गाळण्याचा वेग, म्हणजे रिपोर्टवरचा ईजीएफआर, साधारण ३ ते ५ ने घटतो आणि क्रिएटिनिन थोडं चढतं, ते यामुळेच. ही घट बहुतेक वेळा तिथेच थांबते, आणि पुढची घसरण गोळीशिवाय झाली असती त्यापेक्षा हळू होते.

आमच्या एका ग्राहकाचे आकडे त्यांच्या परवानगीने देतो. वय ५८, शेतकरी, जुना मधुमेह. गोळीआधी क्रिएटिनिन १.८, ईजीएफआर ४३, आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचा आकडा, म्हणजे एसीआर, ६४०. एका महिन्याने क्रिएटिनिन २.०, ईजीएफआर ३८. घरचे घाबरले. हिशोब केला तर ४३ वरून ३८ म्हणजे साधारण १२ टक्के घट. डॉक्टर मंडळी सहसा ३० टक्क्यांच्या पुढे घट गेली की थांबून कारण शोधतात. या ग्राहकांसाठी ती रेषा ईजीएफआर ३०, म्हणजे क्रिएटिनिन जवळपास २.४ इथे येते. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी चालू ठेवली. सहा महिन्यांनी क्रिएटिनिन २.० वरच होतं आणि एसीआर ४५० वर आला होता. म्हणून क्रिएटिनिनबरोबर एसीआरही करून घ्या. गोळी लागू पडते आहे का, हे तो जास्त चांगलं सांगतो.

दुसऱ्या एका ग्राहकाचं क्रिएटिनिन १.९ वरून २.७ झालं. ते गोळीचं नेहमीचं काम नव्हतं. मे महिन्यातलं ऊन, दोन दिवसांचे जुलाब, त्यावर अंगदुखीसाठी गावातूनच घेतलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणि लघवी होण्याची गोळीही चालूच. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. लघवी कमी झाली, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तरीही तसंच.

लघवीच्या तपासणीत साखर 'चार प्लस' दिसते म्हणूनही लोक घाबरून येतात. या गोळीवर ती दिसणारच. मधुमेह किती आटोक्यात आहे ते रक्तावरूनच बघा. साखर नसलेल्यांनाही ही गोळी किडनीसाठी दिली जाते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या डॅपाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचणीत ४,३०४ जण होते, आणि त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हता. किडनी निम्म्याहून ढासळणं, पार निकामी होणं, किंवा किडनी वा हृदयाच्या आजाराने मृत्यू, यांतलं काही ना काही गोळी न घेणाऱ्यांत १४.५ टक्के लोकांना झालं, घेणाऱ्यांत ९.२ टक्के. धोका संपत नाही, पण फरक मोठा आहे.

आता ही गोळी कुणी घेऊ नये ते नीट वाचा. टाइप १ मधुमेह असेल किंवा पूर्वी कधी रक्तात कीटोन वाढून दवाखान्यात भरती व्हावं लागलं असेल, तर ती टाळतात. डायलिसिसवर असलेल्यांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना ती देत नाहीत. ईजीएफआर २० च्या खाली असेल तर सहसा नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असलेली मात्र बऱ्याचदा पुढे चालू ठेवतात. किडनीत पाण्याच्या गाठींचा वंशपरंपरागत आजार, ल्युपसमुळे झालेला किडनीचा आजार किंवा बदललेली किडनी असेल, तर पुरावा अपुरा आहे. तो निर्णय किडनीच्या डॉक्टरांचाच. पायाला चिघळलेली जखम असेल किंवा जननेंद्रियाला वारंवार बुरशीची खाज येत असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा, लाजू नका. गोळी चालू असताना ती जागा रोज धुऊन कोरडी ठेवली की बराच त्रास टळतो. तिथे अचानक सूज, खूप दुखणं आणि ताप आला, तर लगेच दवाखाना.

आमची सगळ्यात जास्त काळजी उपासाची. नवरात्रात नऊ दिवसांचे कडक उपास करणारी, रोजे धरणारी पुष्कळ घरं आमच्याकडे येतात. पोटात अन्न नसताना ही गोळी चालू राहिली तर शरीर चरबी जाळतं आणि रक्त आम्लयुक्त होऊ शकतं. घातक गोष्ट ही, की त्या वेळी साखर १५० ते २०० एवढीच दिसते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, गळून जाणं असं काही झालं तर दवाखान्यात गेल्या गेल्या "ही गोळी चालू आहे, रक्तातले कीटोन बघा" असं सांगा. उलट्या-जुलाब असताना किंवा जेवण सुटल्यावर गोळी थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. नीट खाणंपिणं सुरू झाल्यावर, एक-दोन दिवसांनी, त्यांना विचारून पुन्हा चालू करा. ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी ती बंद करावी लागते, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना हिचं नाव सांगा. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

उपास धरणार असाल तर आठवडाभर आधी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडही चालू असेल, तर गोळी सुरू करतानाच त्यांचा डोस कमी करायचा का, हेही विचारून घ्या.

पहिल्या वेळी आम्ही एकाच महिन्याच्या गोळ्या देतो आणि जुना रिपोर्ट मागतो. काहींना त्याचा राग येतो. पण गोळीआधीचा आकडा नसेल तर नंतरची वाढ १२ टक्के की ४० टक्के हे कुणालाच सांगता येत नाही. चिठ्ठीशिवाय ही गोळी आम्ही देत नाही. साध्या गोळीऐवजी मेटफॉर्मिन मिसळलेली गोळीही परस्पर बदलून देत नाही, कारण ईजीएफआर ३० च्या खाली मेटफॉर्मिन चालत नाही. दुसरीकडून घेतली असेल तर पट्टीवरची नावं एकदा आम्हाला दाखवा.

किमतीचं म्हणाल, तर डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये संपलं आहे. त्यामुळे तोच घटक, तोच १० मिलिग्रॅमचा डोस अनेक कंपन्यांचा स्वस्तात मिळतो. चिठ्ठी दाखवा, दोन-तीन पर्याय किमतीसह समोर ठेवू, डॉक्टरांशीही बोलून घेऊ. तुमचे क्रिएटिनिन आणि एसीआरचे आकडे आमच्याकडच्या वहीत तारखेसह लिहून ठेवतो. त्यासाठी वेगळे पैसे नाहीत. पहिला महिना संपत आला की रिपोर्टची आठवण करणारा फोनही आमच्याकडून येईल.