कुऱ्हाडफेक: १२ फुटांची आणि २० फुटांची रेष आली कुठून?

कुऱ्हाडफेकीच्या रेंजवर जमिनीवर एक रेष मारलेली असते, वर्ल्ड अॅक्स थ्रोइंग लीगच्या नियमात ती टार्गेटपासून १२ फुटांवर. लाकूडतोड्यांच्या जुन्या स्पर्धांमध्ये हेच अंतर २० फूट आहे. बघणाऱ्याला वाटतं २० फूटवाले जास्त ताकदीचे असतील म्हणून त्यांना लांब उभं केलं, पण ताकदीचा इथे फारसा संबंधच नाही. दोन्हीकडे कुऱ्हाड हवेत एकच गिरकी घेते आणि ती गिरकी किती अंतरात पूर्ण होणार हे कुऱ्हाडीच्या आणि हाताच्या लांबीवर ठरतं.

पण आधी थोडं मागे जाऊया, कारण फेकलेली कुऱ्हाड रुतलीच पाहिजे ही अट तशी नंतरची आहे. सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस याने फ्रँक सैनिकांचं वर्णन लिहून ठेवलंय. प्रत्येकाकडे तलवार, ढाल आणि एक कुऱ्हाड, जाड धारदार लोखंडी पातं, दांडा अगदी आखूड, आणि पहिल्याच चढाईत इशारा मिळाला की सगळे एकदम कुऱ्हाडी फेकायचे आणि समोरच्यांच्या ढाली फोडायचे. या कुऱ्हाडीला फ्रान्सिस्का म्हणतात. आता यात बघा, ढाल फुटली की काम झालं, मग पातं धारेने लागलं की आडवं लागलं याने तेवढा फरक पडत नाही, वजनच पुरेसं आहे. शिवाय समोरचा माणूस चालत येतोय, त्याचं अंतर कोण मोजणार. उत्तर अमेरिकेत टॉमाहॉक नावाची हलकी कुऱ्हाड होती पण तीही मुख्यतः हातात धरून वापरायची, फेकायची क्वचित, कारण फेकली की आपलंच हत्यार गेलं. तिकडच्या रॉकी पर्वतात १८२५ ते १८४० च्या दरम्यान फरचे व्यापारी आणि शिकारी दरवर्षी एकत्र जमायचे, त्या मेळाव्यांची नक्कल करणारे हौशी लोक विसाव्या शतकात तयार झाले आणि त्यांच्याकडे टॉमाहॉक फेकणं ही रीतसर स्पर्धा झाली.

दुसरा धागा जंगलतोडीचा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या हेवर्ड गावात १९६० पासून लाकूडतोड्यांची जागतिक स्पर्धा भरते. या खेळात दुधारी कुऱ्हाड दोन्ही हातांनी डोक्यावरून मागे नेऊन फेकतात, २० फुटांवरून, टार्गेट ३६ इंच व्यासाचं आणि मधला ठिपका फक्त ४ इंचांचा. मग तिसरा टप्पा एकदम अलीकडचा, टोरांटोत २००६ साली मॅट विल्सन आणि त्याच्या मित्रांनी घरामागच्या अंगणात लीग सुरू केली, तिचंच पुढे बॅटल नावाने धंद्यात रूपांतर झालं आणि २०१६-१७ मध्ये नियम ठरवणाऱ्या संघटना उभ्या राहिल्या. इथे कुऱ्हाड छोटी, एका हातात मावणारी, म्हणून रेष जवळ आली.

आता कुऱ्हाड लहान म्हणून रेष जवळ का, तर हा सगळ्यात इंटरेस्टिंग भाग आहे, जरा सावकाश वाचा. फेकताना मनगट ताठ ठेवलं तर हात आणि कुऱ्हाड मिळून एकच लांब दांडा असल्यासारखं फिरतं. सोडायच्या क्षणी कुऱ्हाड पुढे किती वेगाने जाते आणि स्वतःभोवती किती वेगाने फिरते हे दोन्ही त्या एकाच फिरण्यातून आलेलं असतं, त्यामुळे तुम्ही हात दुप्पट वेगाने फिरवलात तर पुढे जायचा वेगही दुप्पट आणि गिरकीचा वेगही दुप्पट, म्हणजे एका गिरकीत कापलेलं अंतर तेवढंच राहिलं! ते अंतर साधारण वर्तुळाच्या परिघाएवढं येतं, आणि त्रिज्या म्हणजे हात जिथून फिरतो तिथपासून कुऱ्हाडीच्या तोलबिंदूपर्यंतचं अंतर.

छोट्या कुऱ्हाडीचा हिशोब करू. फेक मुख्यतः कोपरातून होते. कोपरापासून मुठीपर्यंत ३० सेंटिमीटर धरा, मुठीपासून तोलबिंदू (तो पात्याच्या जवळच असतो) २७ सेंटिमीटर, एकूण ५७. परिघ आला २ × ३.१४ × ०.५७ म्हणजे साधारण ३.६ मीटर, आणि १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. दोन हातांनी फेकायच्या मोठ्या कुऱ्हाडीत फिरणं खांद्यातून, खांदा ते मूठ ५५ आणि पुढे ४० असे ९५ सेंटिमीटर धरले तर परिघ येतो ६ मीटरच्या आसपास, आणि २० फूट म्हणजे ६.१ मीटर. हा हिशोब ढोबळ आहे हे खरं, हात पुढे जाऊन सुटत असल्याने कुऱ्हाडीचा उडण्याचा प्रवास रेषेच्या अंतरापेक्षा थोडा कमी असतो, आणि मनगट कितीही ताठ ठेवलं तरी थोडं वळतंच त्यामुळे गिरकीही जरा लवकर पूर्ण होते, पण या दोन्ही गोष्टी एकमेकींना बऱ्यापैकी सांभाळून घेतात.

म्हणूनच नवीन माणूस कुऱ्हाड रुतत नाही म्हणून अजून जोर लावतो तेव्हा काही बदलत नाही, उलट जोर लावताना मनगटाला झटका बसतो आणि मग मात्र सगळं बिघडतं, कारण मनगटाच्या झटक्याने गिरकी वाढते पण पुढे जायचा वेग त्या मानाने वाढत नाही.

बदलायचं ते पायाचं अंतर. ३.६ मीटरला पूर्ण ३६० अंश, म्हणजे १० सेंटिमीटरला १० अंश. अर्धं पाऊल, साधारण ३० सेंटिमीटर, मागेपुढे सरकलात की ३० अंशांचा फरक, आणि रुतणं आणि आपटून परत येणं यातला फरक बऱ्याचदा तेवढाच असतो. कुठल्या दिशेला सरकायचं ते कुऱ्हाडच सांगते. दांड्याचं बूड आधी फळीवर आपटलं, किंवा रुतली पण दांडा फळीला चिकटल्यासारखा दिसतोय, तर गिरकी अपुरी पडली, थोडं मागे जा. पात्याचा वरचा कोपराच लागला आणि दांडा तुमच्याकडे वर उचललेला दिसतोय तर गिरकी जास्त झाली, थोडं पुढे या. मात्र एकाच फेकीवरून सरकू नका, लागोपाठ तीन-चार वेळा तीच खूण दिसली तरच सरका, नाहीतर आपण सोडण्यातल्या चुकीच्या मागे पाय हलवत बसतो. आणि कुऱ्हाड परत उसळते, त्यामुळे फेकून झाल्यावर रेषेच्या पुढे लगेच धावायचं नाही.

दोन गिरक्यांची फेक दिसायला भारी असते पण सोडण्यातली चूकही दुप्पट होते. एका गिरकीच्या अंतरात ५ टक्के फरक पडला तर १८ अंश, दोन गिरक्यांना तोच ३६ अंश.

चाकूला हेच नियम, फक्त सवलत कमी. कुऱ्हाडीची धार रुंद असते आणि रेंजवरच्या फळ्या उभ्या रेषांच्या, त्यामुळे धार तंतूंच्या मधे शिरते आणि थोडा तिरपेपणा खपून जातो. चाकूचं टोकच समोर हवं. पण चाकूला एक सोय आहे जी कुऱ्हाडीला नाही, मुठीऐवजी पात्याला धरून फेकला की अर्ध्या गिरकीतच टोक समोर येतं, म्हणून चाकूवाले अर्धी, एक, दीड असं मोजतात आणि अंतराप्रमाणे पकड बदलतात. (पात्याला धरायचं तर कडा बोथट हव्यात, फेकायच्या चाकूंना टोक असतं, कडांना धार नसते.) जपानमध्ये बो-शुरिकेन, म्हणजे सळईसारखं फेकायचं हत्यार, त्यात तर वेगळाच मार्ग काढला, सोडताना बोट मागच्या भागावरून सरकवत गिरकीच दाबून टाकायची, म्हणजे उभी सुटलेली सळई वाटेत जेमतेम पाव फेरा घेते आणि टोकाने लागते. त्यात अंतर थोडं चुकलं तरी चालतं, पण बोट नेमकं कधी सुटायचं हे हाताला बसवायला फार वेळ लागतो.