नरकासुराचे दात आणि ब्लेंडरचा बोन हीट एरर

दिवाळीला अजून तीन आठवडे होते आणि गोव्यात डिचोलीला आमच्या वाड्यावरची पोरं रात्री नरकासुराच्या पुतळ्यासाठी लोखंडी सळ्या वेल्ड करत बसलेली, आणि भाचा मात्र घरात लॅपटॉपसमोर डोकं धरून. त्याला नरकासुर कागदाचा नाही, ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करायचा होता, हात वर करून तलवार फिरवणारा. मॉडेल छान झालेलं, आत ते हलवणाऱ्या सांगाड्याचे बोन्सही घातलेले, आणि `Ctrl+P` दाबून `With Automatic Weights` केलं की दरवेळी वर हीच पट्टी यायची:

```
Bone Heat Weighting: failed to find solution for one or more bones
```

"मामा, मी सगळे बोन्स काढून परत घातले, दोनदा, तरी तेच." मी म्हटलं थांब, बोन्सना हात लावू नकोस. हा मेसेज बोन्सचं नाव घेतो पण गुन्हेगार बहुतेक वेळा मेश, म्हणजे बिंदू आणि कडांनी विणलेली मॉडेलची कातडी असते. असं का, ते कळायला आत काय गणित चालतं ते बघावं लागतं, आणि ते तसं सोपं आहे.

ब्लेंडरला ठरवायचं असतं की कातडीवरचा प्रत्येक बिंदू, म्हणजे व्हर्टेक्स, कुठल्या बोनबरोबर किती हलणार. हेच ते वेट, 0 ते 1 मधला आकडा. त्यासाठी वापरलेली युक्ती 2007 साली इल्या बारान आणि योव्हान पोपोविच यांनी मांडलेली आहे. एक बोन तापलेली सळी समजा, बाकीचे सगळे थंड. कातडीच्या ज्या बिंदूंना ती सळी सगळ्यात जवळ आहे आणि आतून सरळ दिसते त्यांना थेट ऊब लागते, मग ती ऊब कातडीतून शेजारच्या बिंदूंकडे पसरते, आणि सगळं स्थिर झालं की ज्याचं जितकं तापमान तितकं त्याचं वेट. मग पुढचा बोन तापवायचा, परत तोच हिशेब. कोपराजवळ वरच्या आणि खालच्या बोनची ऊब एकमेकांत मिसळते म्हणून हात वाकवला तर कोपर तुटल्यासारखा दिसत नाही.

आता यातली मेख. "आतून सरळ दिसते" हे ब्लेंडर खरंच तपासतो, बिंदूपासून बोनपर्यंत एक किरण सोडतो आणि वाटेत दुसरा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूने आडवा आला तर तो बोन दिसत नाही असं धरतो. नरकासुराच्या तोंडात बघा. सुळा हा वेगळा तुकडा आहे, हिरडीला टेकलेला पण शिवलेला नाही. सुळ्यावरच्या कुठल्याही बिंदूवरून डोक्याच्या बोनकडे बघितलं तर मध्ये तोंडाची आतली भिंत येते, म्हणजे थेट ऊब नाही. आणि सुळा कातडीला जोडलेला नाही, म्हणजे पसरत येणारी ऊबही नाही. तर त्या सुळ्याचं तापमान किती? 0 म्हणा, चालतं. 1 म्हणा, तेही चालतं, सगळे बिंदू सारखे तापलेले असले की गणिताच्या दृष्टीने स्थिरच. उत्तरं हवी तितकी, म्हणजे ठाम उत्तर एकही नाही. शाळेत दोन अज्ञातांना एकच समीकरण दिलं की सर म्हणायचे हे सुटत नाही, तसंच.

आणि हे समीकरण सगळ्या मेशचं मिळून एकच असतं, बोन बदलला तरी त्याची डावी बाजू तीच राहते, फक्त ऊब कुठून येते ते बदलतं. म्हणून एका सुळ्यापायी अख्खा राक्षस अडतो. (कधी कधी एरर येतच नाही आणि त्या तुकड्याला भलतंच वेट मिळतं, हात हलवला की दात उडतो, ते त्याहून वाईट कारण लगेच कळत नाही.)

दुसरं कारण दुहेरी बिंदूंचं. ऊब कुठल्या कडेवरून किती वाहणार हे ब्लेंडर त्रिकोणांच्या कोनांवरून काढतो, त्यात कोनाच्या कोटँजंटचा हिशेब असतो. दोन बिंदू जवळजवळ एकाच जागी आले की त्यांच्यामधला त्रिकोण सुईसारखा बारीक होतो, आकडा अवाढव्य फुगतो, आणि त्रिकोण पुरता चपटा झाला तर तिथून ऊब वाहण्याचा हिशेबच लावता येत नाही. नॉन-मॅनिफोल्ड, म्हणजे कुठे उघडा किंवा नको तिथे जोडलेला मेश, म्हणून जे सरसकट बदनाम आहे त्याबद्दल माझं मत जरा वेगळं. हात मनगटाशी उघडा आहे, भोक आहे, तेवढ्यानं सहसा काही बिघडत नाही. त्रास देतात ते आत राहून गेलेले फेसेस, म्हणजे कातडीचे सपाट तुकडे, एका कडेला तीन तीन फेसेस चिकटलेले, कारण ते बोनकडची नजर अडवतात आणि त्यांच्या आसपास हमखास दुहेरी बिंदू सापडतात.

तर आम्ही काय केलं. आधी एडिट मोडमध्ये `A`, मग `M` आणि `By Distance`. त्याचं ठरलेलं अंतर 0.0001 मीटर, आणि 312 बिंदू गेले, बहुतेक छातीच्या मधल्या रेषेवरचे, कारण भाच्यानं अर्धं अंग आरशात घेताना मर्ज चालू केलेलंच नव्हतं. मग `Select All by Trait` मधलं `Non Manifold` लावलं, हे फेस सिलेक्ट मोडमध्ये चालत नाही, व्हर्टेक्स किंवा एज मोड लागतो. खांद्याच्या आत एक चौकोनी फेस उजळला, हात एक्स्ट्रूड करताना राहिलेला, तो उडवला. परत `A` नं सगळं निवडून `Shift+N` नं नॉर्मल्स, म्हणजे फेसेसची तोंडं, बाहेर वळवले. परत `Ctrl+P`, परत तीच पट्टी. भाच्याचं तोंड नरकासुरापेक्षा वाईट.

मग मॉडेलची एक कॉपी बाजूला ठेवून `P` आणि `By Loose Parts`. तुकडे निघाले 97! अंग एक, शिंगं दोन, मुकुट, डोळे, 28 दात, आणि बाकी गळ्यातल्या माळेचे मणी. नुसतं अंग घेतलं, `Ctrl+P`, आणि एकदम शांत, पट्टी नाही. पोज मोडमध्ये हात वर केला, गेला वर.

दातांना ऑटोमॅटिक वेट हवंच कशाला, दात काय वाकणार आहेत? वरच्या दातांना डोक्याच्या बोनच्या नावाचा व्हर्टेक्स ग्रुप देऊन वेट 1 असाइन केलं, खालच्यांना जबड्याच्या बोनचा, शिंगं, डोळे आणि मुकुट डोक्यालाच. ग्रुपचं नाव बोनच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, स्पेलिंग चुकलं तर तुकडा जागीच राहतो. माळ छातीवर लोळते म्हणून तिला `Data Transfer` मॉडिफायर लावून, तो अप्लाय करून अंगाचंच वेट उतरवून घेतलं, एकेक मणी थोडा ताणला जातो पण लांबून दिसत नाही. शेवटी सगळे तुकडे निवडून, अंग सर्वात शेवटी, `Ctrl+J`. ग्रुप नावानं एकत्र होतात, वेट जात नाही.

मेश इतका गचाळ असेल की हे करायला जीव नको होतो, तर कॉपीवर `Voxel` रीमेश करून, म्हणजे तिची कातडी सलग नव्यानं विणून, तिला वेट द्यायचं आणि तिच्यावरून मूळ मॉडेलवर उतरवायचं. फक्त व्हॉक्सेल साइज आधीच 0.1 मीटर असते, माणसाएवढ्या आकृतीची बोटंच गायब होतात, मी 0.02 च्या खाली जातो, आणि तरी मिटलेले ओठ एकमेकांना चिकटतातच. आणखी एक, मॉडेल दोन-चार सेंटिमीटरचं असेल तर मेश आणि बोन्स दोन्ही एकत्र दहापट मोठे करून, `Ctrl+A` नं स्केल अप्लाय करून बघावं, आतल्या हिशेबातली बारीक अंतरं ठरावीक असतात, इवल्या मॉडेलमध्ये तीच मोठी ठरतात.

रात्री अकराला भाच्यानं पुन्हा पोज मोड उघडला आणि राक्षसाचा उजवा हात फिरवला. दात जागेवर, माळ जागेवर, हात मस्त वर गेला, आणि तलवार मात्र मांडीजवळ हवेत लटकत राहिली. तिचा ग्रुप द्यायचा आम्ही दोघंही विसरलेलो.