वारा पाइपला ढकलतो का ओढतो? शून्य ड्रॅगचं कोडं

कोल्हापुरात कुठल्याही पेठेत जावा, तालमीच्या दारात झेंड्याचा लोखंडी पाइप रोवलेला दिसणारच. आज झेंडा उतरवलाय असं धरू, नुसता गोल पाइप उभा आहे, जाडी १० सेंटिमीटर, आणि पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा सेकंदाला १० मीटरनं येतोय, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. आता एक मीटर उंचीच्या तुकड्यावर हा वारा त्याच्या दिशेनं किती जोर, म्हणजे ड्रॅग, लावत असेल?

यात काय विचारायचं, पुढनं ढकलतोय की, असं कोणीही म्हणेल. पण आदर्श हवा, म्हणजे जिच्यात चिकटपणा अजिबात नाही अशी हवा धरून गणित केलं की उत्तर येतं बरोबर शून्य. आणि शून्यापेक्षा भारी गोष्ट पुढं आहे, ती सहसा कोण सांगत नाही.

आधी या गणितातला पाइप कुठनं येतो ते बघू, कारण तो पाइप म्हणून कुठंच घातलेला नसतो. एक सोर्स घ्यायचा, जिथनं हवा चारी बाजूंनी बाहेर पडते, आणि एक सिंक, जिथं ती गडप होते. दोघांना जवळ जवळ आणत न्यायचं, पण अंतर कमी होईल तशी ताकद वाढवत जायची, म्हणजे अंतर आणि ताकद यांचा गुणाकार तेवढाच राहील. शेवटी दोन्ही एकाच बिंदूत येतात आणि जे उरतं त्याला डबलेट म्हणतात. हा डबलेट सरळ वाहणाऱ्या वाऱ्यात ठेवायचा, सोर्सचं तोंड वाऱ्याकडं करून. डबलेटमधनं निघालेली हवा वाऱ्यापुढं टिकत नाही, वळून परत सिंककडं जाते, आणि आतली हवा आत, बाहेरची बाहेर अशी एक बंद सीमा तयार होते, ती नेमकी वर्तुळ असते. आतल्या भागाशी आपल्याला देणंघेणं नाही, तिथं लोखंड आहे असं समजायचं. डबलेटची ताकद κ आणि वाऱ्याचा वेग U धरला तर वर्तुळाची त्रिज्या अशी मिळते:

R² = κ / (2πU)

आपल्या पाइपला R म्हणजे ०.०५ मीटर आणि U म्हणजे १०, तर κ येतो साधारण ०.१५७. झालं, पाइप तयार.

या वर्तुळावर एक छान गोष्ट आहे. डबलेटनं दिलेला वेग तिथं सगळीकडं बरोबर U एवढाच असतो, फक्त त्याची दिशा फिरत जाते. अगदी पुढं तो वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणून वजाबाकी होऊन हवा ठप्प, हा स्टॅगनेशन पॉइंट. दोन्ही कुशीला मात्र तो वाऱ्याच्याच दिशेनं, म्हणून बेरीज होऊन वेग दुप्पट, सेकंदाला २० मीटर. पुढच्या बिंदूपासून कोन θ मोजला तर पृष्ठभागावरचा वेग 2U sinθ, आणि वेग वाढला की प्रेशर कमी होतं हा बर्नुलीचा नियम लावला की प्रेशर कोएफिशंट मिळतो:

Cp = 1 − 4 sin²θ

Cp म्हणजे तिथलं प्रेशर आजूबाजूच्या हवेपेक्षा किती जास्त किंवा कमी, ते वाऱ्याच्या ½ρU² च्या पटीत. हवेची घनता १.२ धरली (कोल्हापूर उंचावर असल्यानं इथं जरा कमीच भरेल, पण आकडे सोपे राहू देत) तर ही एक पट म्हणजे ६० पास्कल. पुढच्या बिंदूवर Cp १, म्हणजे ६० पास्कल दाब. ३० अंशांवर Cp शून्य. ९० अंशांवर उणे ३, म्हणजे १८० पास्कल ओढ. तिथनं मागं जाताना तेच आकडे उलट क्रमानं, पार मागच्या बिंदूवर परत १.

आता त्या ३० अंशांवर जरा थांबा. वारा पाइपला ढकलतो ते फक्त पुढच्या ३० अंश डाव्या आणि ३० अंश उजव्या पट्ट्यात, समोरून बघितलं तर पाइपच्या मधल्या निम्म्या रुंदीवर. बाकी पुढच्या भागावर ओढच आहे, आणि ती पृष्ठभागापासून बाहेरच्या दिशेला, म्हणजे थोडीफार वाऱ्याच्या तोंडाकडं. बेरीज केली तर एक मीटर उंचीमागं मधला पट्टा २ न्यूटननं मागं ढकलला जातो आणि कडेचे पट्टे ४ न्यूटननं पुढं ओढले जातात. हिशोब काय सांगतो, तर पाइपचा पुढचा अर्धा भाग २ न्यूटननं वारा येतोय तिकडंच खेचला जातोय! मागचा अर्धा भाग आरशातल्या प्रतिमेसारखा, तो २ न्यूटननं मागं खेचतो, आणि दोन्ही मिळून शून्य. म्हणजे पुढनं ढकललं आणि मागनंही तेवढंच ढकललं म्हणून शून्य, असं जे आपण पटकन समजतो ते उलटं आहे, दोन्ही अर्धे एकमेकांपासून लांब ओढले जातायत.

फ्रान्सचा द'अलांबेर १७५२ मध्ये याच शून्याशी येऊन अडकला होता आणि हे कोडं पुढच्या गणितज्ञांसाठी सोडून गेला. त्याचं गणित चुकलेलं नव्हतं.

खरा पाइप वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून मोजलं तर काय दिसतं? पाइपला एक बारीक भोक पाडून त्याला प्रेशर मोजणारा मॅनोमीटर जोडायचा आणि पाइप थोडा थोडा फिरवत प्रेशर नोंदवायचं, इंजिनिअरिंगच्या पोरांचं हे नेहमीचं प्रॅक्टिकल. पुढचे तीसेक अंश सूत्राशी बरे जुळतात, मग रीडिंग फुटायला लागतं. ७० अंशांच्या आसपास Cp जेमतेम उणे १.२ पर्यंत उतरतो, उणे ३ काही दिसत नाही, आणि ८० च्या पुढं आलेख जवळजवळ सपाट, उणे १ च्या आसपास, पार मागपर्यंत. मागं जो १ यायला हवा होता तो येतच नाही.

आपल्या पाइपसाठी हा सपाट आकडा उणे १.१ धरला तर मागचा अर्धा भाग एकटाच साधारण ६.६ न्यूटननं मागं ओढतो. सगळा ड्रॅग ७ न्यूटनच्या थोडा वर, म्हणजे पाऊण किलोच्या आत-बाहेर वजनाएवढा, दर मीटरला. यात हवा पृष्ठभागाला घासून जाते त्याचा थेट वाटा एक-दोन टक्केच.

म्हणजे घर्षणानं काही होतच नाही का? होतं, पण आडमार्गानं. १९०४ मध्ये जर्मनीत प्रांट्ल नावाच्या शास्त्रज्ञानं हे उलगडलं. लोखंडाला चिकटून हवेचा पातळ थर असतो, बाउंडरी लेयर, आणि त्यातली हवा घासून घासून वेग गमावून बसते. कुशीपर्यंत प्रेशर कमी होत जातं तोवर चालतं. पुढं मागच्या बाजूला प्रेशर परत वाढायला लागतं, म्हणजे हवेला चढ लागतो, आणि उतारावर ब्रेक घासत आलेली सायकल जशी पायडल न मारता पुढचा चढ पुरा करू शकत नाही तशी ही मंदावलेली हवा मध्येच थांबते, उलटी फिरते, आणि अख्खा प्रवाह पृष्ठभाग सोडून बाजूला निघतो. मागं भोवऱ्यांची रुंद पट्टी तयार होते आणि तिथलं प्रेशर वर येतच नाही. प्रवाह असा सुटल्यावर पुढच्या भागाचं प्रेशरही बदलतं, म्हणून ती २ न्यूटनची उलटी ओढसुद्धा गायब होते.

आता साखर कारखान्याची चिमणी घ्या, २ मीटर व्यासाची, त्याच वाऱ्यात. एवढ्या मोठ्या चिमणीवर थरातली हवा आपोआप खवळते, टर्ब्युलंट होते, आणि खवळलेला थर बाहेरच्या वेगवान हवेतनं जोर घेत राहतो, त्यामुळं प्रवाह ८० ऐवजी १०० अंशांच्याही बराच पुढं जाऊन सुटतो. मागची पट्टी अरुंद होते आणि ड्रॅगचा कोएफिशंट, म्हणजे दर मीटरचा ड्रॅग ½ρU² आणि रुंदी यांच्या गुणाकाराच्या किती पट, तो १.२ वरनं निम्म्याच्या आसपास येतो. एकूण जोर अर्थातच पाइपपेक्षा कितीतरी जास्त, कारण चिमणी वीसपट रुंद आहे. प्रांट्लनं १९१४ मध्ये गोळ्याला बारीक तारेचं कडं बसवून हेच मुद्दाम करून दाखवलं, तारेनं थर खवळला आणि ड्रॅग वाढायच्या जागी कमी झाला. पण चिमणी असो नाहीतर गोळा, मागच्या बिंदूवर Cp १ पर्यंत काही परत येत नाही.