‘हाय’ला उत्तर का येत नाही

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या गॅरेथ टायसन यांनी सहकाऱ्यांसोबत टिंडर या डेटिंग अ‍ॅपवर एक प्रयोग केला, २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांनी बनावट प्रोफाइल उघडली, दिसेल त्याला पसंती दिली आणि मॅच झाल्यावर समोरून काय येतं ते मोजलं. पुरुषांच्या मेसेजची मध्यक लांबी निघाली १२ अक्षरं, म्हणजे निम्मे मेसेज त्याहूनही आखूड. बायकांच्या मेसेजची मध्यक लांबी होती १२२. पुरुषांच्या मेसेजपैकी पाव हिस्सा तर सहा अक्षरांच्या आतला होता. इंग्रजीत ‘हॅलो’ लिहायला पाच अक्षरं लागतात, तेव्हा त्या पाव हिश्शात काय असेल हे वेगळं सांगायला नको.

या ‘हाय’ची अडचण काय आहे, हे टिंडर यायच्या कितीतरी आधी कळलेलं होतं. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने पोलिसांकडे आलेल्या-गेलेल्या सुमारे ५०० फोनची ध्वनिमुद्रणं तपासली, तीही संभाषणाच्या पहिल्या काही सेकंदांपुरती. १९६८ साली छापलेल्या निबंधात त्याने मांडलं की फोनची घंटा ही हाक असते. उचलणारा ‘हॅलो’ म्हणतो तेव्हा तो फक्त हाकेला ओ देतो. त्यानंतर बोलायची पाळी हाक मारणाऱ्याची, आणि आपण हाक का मारली हे त्यालाच सांगावं लागतं. हाक मारून गप्प बसायची सोय नसते.

डेटिंग अ‍ॅपवरचं ‘हाय’ ही अशीच नुसती हाक आहे. फरक इतकाच की पाठवणारा हाक मारून मोकळा होतो आणि विषय काढायचं काम वाचणारीच्या गळ्यात पडतं. ती ‘हाय’ म्हणाली तर पुढे ‘कशी आहेस?’, मग ‘मस्त, तू?’, मग ‘मीपण मस्त’ असं तीन-चार वेळा इकडून तिकडे झालं तरी बोलणं जागचं हलत नाही. अनुभवी वाचणारीला हे पहिल्या ‘हाय’लाच दिसतं.

समोरासमोर हे खपून जातं, कारण तिथे उत्तर न देणं महाग पडतं. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांतले प्रश्न आणि त्यांची उत्तरं तपासली, तेव्हा दोन्हींतलं अंतर सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास निघालं. इतक्या कमी वेळात माणूस उत्तर देऊ की नको याचा विचारही करत नाही. अ‍ॅपवर मात्र हा दबाव शून्य. मेसेज वाचायचा, नंतर बघू म्हणायचं, आणि ते नंतर कधी येत नाही. म्हणून तिथे एकच गोष्ट निर्णायक ठरते: उत्तर द्यायला किती कष्ट पडतील?

त्यात पुन्हा गर्दी. एलिझाबेथ ब्रूच आणि मार्क न्यूमन यांनी न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो आणि सिॲटल या शहरांतला एका डेटिंग संकेतस्थळावरचा महिनाभराचा व्यवहार तपासला. अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. न्यूयॉर्कमधल्या एका तीस वर्षांच्या बाईला त्या महिन्यात १,५०४ मेसेज आले होते. दिवसरात्र, दर अर्ध्या तासाला एक. सगळ्यांची अशी गत नसते, पण दहा मेसेजमधून दोनांना उत्तर देणाऱ्यालाही निवड करावीच लागते.

मग मोठा मेसेज लिहावा का? त्याच अभ्यासात याचंही उत्तर आहे आणि ते निराश करणारं आहे. आपल्याहून जास्त मागणी असलेल्या व्यक्तीला लिहिताना लोक लांबलचक लिहितात, पण सिॲटल सोडलं तर त्या लांबीचा फारसा फायदा होत नाही. मला यात नवल वाटत नाही. तीन परिच्छेदांच्या पत्राला तितकंच मोठं उत्तर द्यावं लागेल, या धास्तीने ते ‘नंतर बघू’च्या ढिगात जातं.

लांबी नाही तर मग काय? ओकेक्युपिड या संकेतस्थळाने २००९ साली आपल्याकडच्या पाच लाखांहून अधिक पहिल्या मेसेजमधले शब्द चाळले. रूपाची स्तुती करणाऱ्या विशेषणांनी उत्तराची शक्यता घटत होती. ‘तू लिहिलंयस की’, ‘माझ्या लक्षात आलं की’, ‘मला कुतूहल आहे की’ अशा अर्थाच्या शब्दांनी ती वाढत होती. म्हणजे ‘मी तुझं प्रोफाइल वाचलं’ याचा पुरावा मेसेजमध्ये असेल तर उत्तर येण्याची शक्यता जास्त. हे आकडे मात्र थोडे जपूनच वापरायला हवेत. हा प्रयोग नव्हता. जो बारकाईने वाचून लिहितो तो मुळात आपल्याशी जुळेल अशीच व्यक्ती निवडत असेल, आणि उत्तर त्या निवडीला येत असेल, शब्दांना नाही. शिवाय मामला अमेरिकेतला, इंग्रजीतला, आणि मॅच न होताही कुणालाही लिहिता येण्याच्या काळातला.

आता एक प्रोफाइल घेऊ. काल्पनिक आहे, पण अशी पुष्कळ दिसतात. २९ वर्षांची, ठाण्यात राहणारी. एक फोटो हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याचा, एक लग्नातला नऊवारीतला, एकात मांडीवर मांजर. खाली ‘माझं एक वादग्रस्त मत’ या ओळीपुढे तिने लिहिलंय: ‘मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेडच.’ लिहिणारा नाशिकचा आहे.

त्याच्या मनात पहिल्यांदा येईल, ‘नऊवारीत खूप सुंदर दिसतेस.’ याला उत्तर काय देणार? ‘थँक्यू.’ संपलं. आणि हे वाक्य नऊवारीतल्या कुठल्याही मुलीला पाठवता येतं. दुसरं सुचेल, ‘तुलाही ट्रेकिंग आवडतं?’ कड्यावर उभी आहे म्हणजे आवडतं हे उघड आहे, ‘हो’ म्हणण्यापलीकडे तिला काही उरत नाही. ‘तुझ्या ट्रेकिंगच्या प्रवासाबद्दल सांग’ हे त्याच्या उलट टोकाचं. आता तिला निबंध लिहायचा आहे, तोही ठाणे लोकलमध्ये एका हाताने.

‘हरिश्चंद्रगड पाचनईकडून केलास की खिरेश्वरकडून?’ हा प्रश्न बरा आहे. दोन्ही वाटा खऱ्या, एका शब्दात उत्तर देता येतं आणि सांगण्यासारखं काही असेल तर त्यापुढे सांगताही येतं. पण कड्याच्या फोटोवरून हा प्रश्न तिला बहुधा बऱ्याच जणांनी विचारलेला असेल. शिवाय ‘नळीच्या वाटेने नाही का गेलीस?’ असं अवघड वाटेबद्दल त्यात कुणी घुसवलं की गप्पांची परीक्षा होते.

मिसळीची ओळ जास्त कामाची आहे, कारण फोटो नुसता काढला जातो, ओळ मात्र कुणीतरी बोलावं म्हणूनच लिहिलेली असते. इथेही एक खड्डा आहे. मिसळीबरोबर ब्रेड म्हणजे कोल्हापूर, हे ओळखून ‘मूळ गाव कोल्हापूर का?’ असं विचारावंसं वाटेल. प्रश्न नेमका आहे, सोपाही आहे. पण आपल्याकडे मूळ गावाच्या पाठोपाठ आडनाव, मग कुळ, मग ‘घरी कोण कोण असतं’ असं सगळं येतं, हे तिला माहीत आहे. पहिल्याच मेसेजला स्थळाच्या बायोडेटाचा वास आला तर ती सावध होणारच.

म्हणून त्याने तिच्या मताशीच भांडावं, पण लुटुपुटीचं. ‘मी नाशिकचा, त्यामुळे ब्रेडवाल्यांशी सहसा बोलत नाही. पण एक शंका आहे: ब्रेड कटात बुडवून खायचा, की कोरडाच तोंडी लावायचा?’ यात काय काय झालं ते बघा. तिची ओळ वाचल्याचा पुरावा आला, स्वतःबद्दल एक गोष्ट सांगून झाली, आणि जाणकाराची खुर्ची तिला मिळाली. ‘बुडवून’ एवढं लिहिलं तरी उत्तर पूर्ण होतं, आणि ब्रेडची बाजू लढवायची खुमखुमी असेल तर मैदान मोकळं आहे. सर्वनामाचा प्रश्नही आपोआप टळला. पंचविशीतल्यांना ‘तू’ खपतं, पण चाळिशी ओलांडलेल्या, दुसऱ्या लग्नाचा विचार करणाऱ्या माणसाला अनोळखी व्यक्तीचं ‘तू’ खटकू शकतं. मराठीत सुरुवात करताना बरेच जण याच अडचणीपायी इंग्रजीत शिरतात, असा माझा अंदाज आहे.

हलकेपणाची मर्यादा कुठे संपते, यावर जुना अभ्यास आहे. ख्रिस क्लाइन्के आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली ओळख काढण्याची वाक्यं तीन प्रकारांत लावून लोकांना गुण द्यायला सांगितलं: साधी निरुपद्रवी, सरळ मनातलं सांगणारी, आणि चलाख शेरेबाजीची. शेरेबाजी सर्वांत नावडती ठरली, आणि ही नावड पुरुषांपेक्षा बायकांत जास्त होती. मिसळीवरची थट्टा चालते ती तिनेच मांडलेल्या विषयावर आहे म्हणून. तीच थट्टा तिच्या दिसण्यावर किंवा मांजर पाळणाऱ्या बायकांवर गेली की शेरेबाजी झाली.

नेमकेपणाचीही हद्द आहे. प्रोफाइलमध्ये तिने स्वतः ठेवलंय तेवढंच आपलं. फोटोमागची इमारत ओळखून ‘घोडबंदर रोडला राहतेस ना?’ असं लिहिणं किंवा दुसरीकडून तिचं अकाउंट शोधून तिथल्या सहलीबद्दल विचारणं, हे नेमकं असलं तरी भीतीदायक आहे. आपण केलेल्या कष्टांचं कौतुक होईल असं लिहिणाऱ्याला वाटतं, वाचणारी ब्लॉक करते.

पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासता येतात. हाच मेसेज दुसऱ्या मॅचला जसाच्या तसा पाठवता आला असता का? आला असता तर तो अजून नेमका नाही. आणि तिच्या जागी बसून त्याचं उत्तर खरोखर टाइप करून बघायचं. अर्ध्या मिनिटात काही सुचलं नाही तर तिलाही सुचणार नाही. प्रोफाइलमध्ये तीन फोटो आणि शून्य ओळी असतील तर यातलं फारसं काही लागू पडत नाही. तिथे ‘मांजराचं नाव काय?’ एवढंच विचारावं आणि फार आशा ठेवू नये.

तसंही बऱ्याच मेसेजना उत्तर येत नाही, आणि त्याची कारणं पुष्कळदा मेसेजबाहेरची असतात: अ‍ॅप कंटाळून काढून टाकलं, दुसऱ्या कुणाशी बोलणं जमलं, परीक्षा आली. दुसऱ्या दिवशी नुसती दोन प्रश्नचिन्हं पाठवून यातलं काहीच बदलत नाही.

उत्तर आलंच, समजा ‘बुडवून, अर्थातच’, तर पुढचं पाऊल महत्त्वाचं. स्टॅनफर्डमध्ये चार-चार मिनिटांच्या स्पीड डेटिंगच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात, २०१३ साली, असं दिसलं की जिथे फार प्रश्न विचारावे लागत होते तिथे जोडी जुळल्याची भावना कमी होती. रेंगाळणारं बोलणं ढकलायला लोक प्रश्न वापरत होते. पण २०१७ मध्ये हार्वर्डच्या कॅरन हुआंग आणि सहकाऱ्यांनी प्रश्नांचे प्रकार वेगळे केले, तेव्हा चित्र बदललं: समोरच्याने नुकतंच जे सांगितलं त्यातूनच निघालेला प्रश्न विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीचा होकार जास्त मिळत होता. तेव्हा ‘बुडवून’ या उत्तरावर ‘बरं, आणि तू काम काय करतेस?’ असं विचारणं म्हणजे आपणच काढलेला विषय टाकून देणं. ‘मग त्याचा लगदा होत नाही का?’ असं विचारलं तर ती कदाचित सांगेल की लगदा होण्याआधी तोंडात टाकायचा असतो, आणि नाशिककरांना एवढीही घाई जमत नसेल तर त्यांनी पावच खावा.