फासा, यादी आणि पाकिटाचा प्रश्न

करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावात सोप्यावर बसून सर्वेक्षकाने विचारलं, "गेल्या निवडणुकीत मतासाठी पैसे घेतलेत का?", तर उत्तर ठरलेलं असतं. शेजारी दारात उभा असतो, सून आतून ऐकत असते, आणि वहीत आपलं नाव लिहिलेलं दिसत असतं. "लक्ष्मीदर्शन" झालं की नाही हे गावात उघड बोललं जातं, पण ते नेहमी दुसऱ्याच्या घरी झालेलं असतं. सरळ प्रश्नाला "नाही" येतं आणि टक्केवारी खोटी निघते.

उत्तर देणाऱ्याला खरं बोलूनही लपून राहता आलं तर? स्टॅन्ली वॉर्नर यांनी 1965 मध्ये यावर तोडगा मांडला. त्यांच्या पद्धतीत उत्तर देणारा स्वतः एक चकती फिरवतो आणि काटा कुठे थांबला ते सर्वेक्षकाला दाखवत नाही. ठरलेल्या संभाव्यतेने, समजा 70 टक्के वेळा, काटा "मी पैसे घेतले" या विधानावर थांबतो, उरलेल्या वेळी "मी पैसे घेतले नाहीत" यावर. माणूस फक्त "बरोबर" किंवा "चूक" म्हणतो. तो कोणत्या विधानाबद्दल बोलला हे समोरच्याला कळत नाही, पण काट्याची संभाव्यता माहीत असल्याने सगळ्यांच्या उत्तरांवरून गावाचं प्रमाण काढता येतं.

कल्पना देखणी होती, पण महागडी. खरं प्रमाण 30 टक्के असेल आणि 600 जणांना सरळ विचारून सगळे खरं बोलले, तर अंदाजातली चूक साधारण 3.7 टक्क्यांच्या आत राहते. 70-30 च्या चकतीने तेवढ्याच 600 जणांत ती 10 टक्क्यांच्या आसपास जाते. शिवाय "मी घेतले नाहीत, हे चूक" असं दुहेरी नकाराचं उत्तर देताना शिकलेला माणूसही अडखळतो. म्हणून 1960 च्या दशकाच्या अखेरीस सिमन्स यांच्या सूचनेवरून दुसरं विधान निरुपद्रवी करण्यात आलं, उदाहरणार्थ "माझा जन्म एप्रिलमधला आहे". 1971 मध्ये बोरुच यांनी आणखी सोपं रूप सुचवलं: काही वेळा प्रश्नच नाही, उत्तर आधीच ठरलेलं. गावोगाव फिरून सर्वेक्षण करणाऱ्यांना हेच रूप सर्वांत परवडतं, कारण त्याला एक फासा पुरतो.

ते असं चालतं. फासा स्टीलच्या पेल्यात हलवायचा, पेला पालथा घालायचा आणि आत एकट्यानेच बघायचं. 1 पडला तर काहीही असो, "नाही" म्हणायचं. 6 पडला तर काहीही असो, "हो" म्हणायचं. 2 ते 5 पडले तर खरं सांगायचं. समजा 600 पैकी 220 जण "हो" म्हणाले. त्यातले सुमारे 100 "हो" फाशाच्या 6 मुळे आले, कारण 600 चा सहावा भाग 100. उरले 120. खरं बोलायची पाळी सुमारे 400 जणांवर आली होती, म्हणून 120 भागिले 400, म्हणजे 30 टक्के. अंदाजातल्या चुकीची मर्यादा इथे साधारण 5.8 टक्के येते. चकतीपेक्षा बरंच बरं.

फासा फसतो तो गणितात नाही, माणसाच्या मनात. ज्याने कधीच पैसे घेतले नाहीत त्याला 6 पडला की "हो" म्हणताना जीभ वळत नाही. आपण स्वच्छ असताना वहीत "हो" का लिहून घ्यायचं, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. 1982 मध्ये एजेल आणि सहकाऱ्यांनी यंत्राने कोणाला कोणता आकडा दाखवला याची गुपचूप नोंद ठेवून हे तपासलं. समलिंगी संबंधांच्या प्रश्नावर, "हो" म्हणण्याची सूचना मिळालेल्यांपैकी सुमारे चौथा भाग "नाही" म्हणाला. आपल्या हिशेबात 6 पडलेल्यांपैकी निम्म्यांनी असं केलं, तर सुमारे 50 "हो" गळतात आणि 30 टक्क्यांचा अंदाज 17.5 वर येतो. एकूण "हो" सहाव्या भागाच्याही खाली गेले, इथे 100 पेक्षा बरेच कमी, तर उत्तर ऋण येतं आणि सूचना पाळल्या गेल्या नाहीत हे उघड होतं. त्याआधीची गळती मात्र आकड्यात दिसत नाही. म्हणून खऱ्या प्रश्नाआधी "आज चहा घेतला का?" अशा साध्या प्रश्नावर फाशाचे दोन-तीन सराव करून घ्यावेत, आणि "हो" म्हणजे कबुली नाही, फाशाचा हुकूमही असू शकतो, हे शेजाऱ्यांसमोरच मोठ्याने सांगावं.

यादीची पद्धत याच अडचणीला बगल देते. तिथे कोणीच "हो" म्हणत नाही, यादीतल्या किती गोष्टी आपल्याबाबत घडल्या एवढीच संख्या सांगतो. ही कल्पना 1980 च्या दशकात जुडिथ ड्रॉइटकर मिलर यांनी मांडली, आणि 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या वंशविषयक मतांच्या अभ्यासामुळे राज्यशास्त्रात रुजली. निकाराग्वातल्या मतखरेदीच्या अभ्यासात (2012) सरळ विचारल्यावर सुमारे 2 टक्के लोकांनी भेट मिळाल्याचं मान्य केलं. यादीतून अंदाज आला 24 टक्के.

करवीरसाठी यादी अशी असेल: कार्यकर्ते मत मागायला घरी आले, पदयात्रेत चाललो, प्रचारापासून लांबच राहिलो, उमेदवाराने आमच्या घरी मुक्काम केला. चिठ्ठ्या टाकून वेगळे केलेल्या 600 जणांना ही चारच विधानं द्यायची, दुसऱ्या 600 जणांना याच चारसह "मतासाठी पैसे किंवा वस्तू मिळाली". विचारायचं एकच: यातल्या किती गोष्टी घडल्या? कोणत्या, ते नाही. पहिल्या गटाची सरासरी 1.90 आणि दुसऱ्याची 2.14 आली, तर 0.24 चा फरक पाचव्या विधानामुळेच आला, म्हणजे 24 टक्के.

चार विधानं मुद्दाम अशी निवडली आहेत. पहिलं जवळपास सगळ्यांना लागू, शेवटचं जवळपास कोणालाच नाही, मधली दोन एकमेकांविरुद्ध, म्हणून पाचही लागू होणारा माणूस सापडत नाही. कोणी "पाच" म्हणाला तर तो उघडा पडला, आणि हे ओळखून तो आधीच "चार" म्हणतो.

दुसरी चूक अधिक छुपी आहे. कंटाळून कुठलीही संख्या सांगणारे चार विधानांच्या गटात सरासरी 2 देतात, पाच विधानांच्या गटात 2.5. अशा माणसांचा फरक अर्धा येतो, म्हणजे प्रत्यक्षात घडलेलं प्रमाण नगण्य असेल तरी त्यांच्या बेपर्वाईतून 50 टक्के मतखरेदी "सापडते". दहात एक असा असेल तर अंदाजात 5 टक्के फुकटचे मिसळतात. उपाय म्हणून पहिल्या गटालाही पाचवं विधान द्यावं, पण कोणाच्याही बाबतीत खरं नसलेलं. दोन्ही याद्या सारख्या लांबीच्या झाल्या की ही सूज उतरते.

किंमत इथेही आहेच. उत्तरांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, 1 च्या आसपास असेल तर 1200 लोकांना विचारूनही चुकीची मर्यादा 11 टक्क्यांच्या वर जाते. फाशाला 600 लोकांत 5.8 पुरले होते.

दोन्ही पद्धतींची खऱ्या निकालाशी गाठ मिसिसिपीत पडली. 2011 च्या गर्भपातविषयक सार्वमतानंतर तिथल्या मतदारांना वेगवेगळ्या पद्धतींनी विचारलं गेलं आणि उत्तरं प्रत्यक्ष मतमोजणीशी ताडली गेली. सरळ प्रश्नात विरोधी मत मोठ्या प्रमाणात लपलं. फाशाच्या जातीची पद्धत खऱ्या आकड्याच्या सर्वांत जवळ गेली, यादीने सरळ प्रश्नापेक्षा बरं काम केलं पण तिचा अंदाज जास्त डळमळीत होता.

दोन्ही पद्धतींना भरपूर माणसं लागतात, यामुळे एक मर्यादाही ठरते. समजा एखाद्या टापूतल्या 60 गुऱ्हाळांच्या मालकांना "गुळात साखर मिसळता का?" हे विचारायचं आहे. फाशाने 30 टक्के उत्तर आलं तर चुकीची मर्यादा 18 टक्के, म्हणजे खरं प्रमाण 12 ते 48 मध्ये कुठेही. यादीला तर माणसंच पुरणार नाहीत. तिथे फासा पिशवीत ठेवून गुऱ्हाळावर किती साखरेची पोती उतरतात, ते मोजावं लागतं.