चार मिलिमीटरची सुई आणि सडपातळ मांडी

इन्सुलिन त्वचेखालच्या चरबीत द्यायचे असते. सुई किती लांब असावी हे ठरवताना मात्र बहुतेकांचा अंदाज शरीराच्या जाडीवरून चुकतो. त्वचेची जाडी माणसागणिक फारशी बदलत नाही. मोठ्यांमध्ये ती साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असते आणि लहान मुलांत त्याहून थोडी कमी. खरा फरक पडतो तो तिच्याखालच्या चरबीच्या थरात. म्हणूनच 4 मिलिमीटरची सुई लठ्ठ माणसालाही पुरते आणि सडपातळ माणसाला तीच सर्वांत सुरक्षित ठरते.

समजा, पाच वर्षांच्या एका बारीक मुलीच्या मांडीवर त्वचा 1.6 आणि चरबी 2 मिलिमीटर आहे, म्हणजे स्नायू 3.6 मिलिमीटरवर सुरू होतो. अशा मांडीत 4 मिलिमीटरची सुईही काटकोनात टोचली तर टोक स्नायूत जाते. मग 6 मिलिमीटरची सुई 45 अंशांत तिरकी टोचावी, असे पुष्कळांना वाटते. पण तिरक्या सुईची खोली 6 गुणिले 0.71, म्हणजे सुमारे 4.2 मिलिमीटर भरते, जी सरळ टोचलेल्या लहान सुईपेक्षा जास्तच आहे. तिरकेपणा येथे उपयोगी पडत नाही.

उपयोगी पडते ती चिमट. अंगठा आणि तर्जनी यांत त्वचा व चरबी अलगद उचलली की थर जाड होतो. मात्र सगळ्या बोटांनी घट्ट पकडले तर स्नायूही वर ओढला जातो. सहा वर्षांपर्यंतची मुले आणि 19 पेक्षा कमी बीएमआय असलेली प्रौढ माणसे यांनी 4 मिलिमीटरची सुई उचललेल्या घडीत काटकोनात टोचावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. डोस पूर्ण गेल्यावर दहापर्यंत मोजावे, सुई काढावी आणि मगच चिमट सोडावी. पेन अंगावर जोराने दाबू नये, कारण त्वचा खचते आणि सुई ठरल्यापेक्षा खोल जाते.

स्नायूत रक्तपुरवठा भरपूर असल्याने, विशेषतः खेळताना, इन्सुलिन लवकर शोषले जाते. ग्लार्जिनसारखे दीर्घकाळ चालणारे औषधही तेथे पडल्यास वेगाने काम करून साखर धोकादायक खाली आणू शकते. मांडीत इंजेक्शन घेऊन मूल धावून आले आणि नेहमीच्या डोसावर साखर अकारण घसरली, तर डोस बदलण्याआधी डॉक्टरांना टोचण्याची पद्धत दाखवावी. रक्ताचा थेंब दिसणे हा मात्र खात्रीचा पुरावा नव्हे. त्वचेतली बारीक रक्तवाहिनी फुटूनही तो येतो.

पेनऐवजी सिरिंज वापरणाऱ्यांना 4 मिलिमीटरची सोय नसते. आपल्याकडे सर्रास मिळणारी 8 मिलिमीटरची सुई 45 अंशांतही सुमारे 5.7 मिलिमीटर खोल जाते, त्यामुळे बारीक अंगाच्या माणसाने तेथे तिरकी सुई आणि चिमट दोन्ही वापरावे लागतात.