तळाशी राहिलेले गणंग: दोष दाण्याचा की आचेचा?

पॉपकॉर्न वाडग्यात ओतले की पातेल्याच्या तळाशी मूठभर गणंग राहतात. ते दोन कारणांनी राहतात आणि वरवर पाहता दोन्ही सारखेच दिसतात. एक दाणा आधीपासूनच कोरडा पडलेला असतो. दुसरा चांगला असतो, पण त्याला नीट तापवलेलंच नसतं. पहिल्याचा इलाज बरणीत आहे, दुसऱ्याचा शेगडीवर. आपण बहुतेक वेळा उलटं करतो: दाणे वाईट म्हणून पाकीट टाकून देतो, किंवा दाणे कोरडे असताना आच वाढवून सगळं करपवतो.

दाणा फुटतो तो आतल्या पाण्यामुळे. चांगल्या दाण्यात साधारण 14 टक्के ओलावा असतो. दाणा सुमारे 180 अंश सेल्सिअसला पोचेपर्यंत टरफल त्या पाण्याच्या वाफेचा दाब धरून ठेवतं, मग फाटतं आणि आतला मऊ झालेला स्टार्च एकदम फुलतो. म्हणजे दोन गोष्टी लागतात: आत पुरेसं पाणी, आणि वाफ कोंडून धरणारं धड टरफल. बरणीचं झाकण सैल राहिलं तर पाणी हळूहळू उडून जातं. टरफलाला चीर गेली असेल तर वाफ तिथूनच निसटते.

आचेची चूक जास्त फसवी आहे. मंद आचेवर दाणा फार वेळ राहिला, की टोकाकडून वाफ झिरपत जाते आणि फुटण्याइतका दाब तयारच होत नाही. म्हणजे चांगला दाणा आपणच पातेल्यात वाळवतो! आणि आच फार मोठी असेल तर टरफल फाटतं तेव्हा आतला भाग पुरता तापलेला नसतो. लाही लहान राहते आणि दाताखाली कडक लागते.

मग ओळखायचं कसं? तळाशी राहिलेले दाणे पुन्हा तापवून काही कळत नाही, कारण तेवढ्यात तेही थोडे वाळलेले असतात. त्याच पाकिटातले 20 नवे दाणे मोजून घ्या आणि नीट आचेवर फोडून बघा. 18-19 मोठे फुलले तर पाकीट चांगलं आहे, हात सुधारायचा. 8-10च फुटले, तेही बारीक, तर दाणे कोरडे आहेत.

ही "नीट आच" म्हणजे काय, ते सविस्तर सांगते. तीन-चार लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या आणि त्यात 3 मोठे चमचे तेल घाला. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल चालतं. लोणी मात्र आत्ता नको: त्यात पाणी असतं आणि दुधातला अंश फुटण्याच्या तापमानाआधीच करपतो. ते वितळवून नंतर वरून घालावं. तेलात 3 दाणे टाकून झाकण ठेवा, आच मध्यम. ते तीनही फुटले की तेल तयार आहे. ते काढून 5 मोठे चमचे दाणे एका थरात टाका, झाकण ठेवा आणि पातेलं शेगडीवरून उतरवून 30 सेकंद थांबा. या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे जवळपास एकाच तापमानाला येतात, म्हणून पुढे एकदमच फुटतात आणि कुणी मागे राहून वाळत नाही. ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच गाळली जाते.

पुन्हा मध्यम आचेवर ठेवा. फुटायला लागले की झाकण किंचित तिरपं करा, वाफ बाहेर जाऊ द्या, नाहीतर लाह्या वातड होतात. पातेलं कापडाने धरून शेगडीवर पुढे-मागे सरकवत राहा. फुललेल्या लाह्या हलक्या असल्याने वर येतात, जड दाणे खाली उतरून तापलेल्या तेलाला लागतात. हलवणं थांबलं की लाह्याच तळाशी अडकतात, करपतात, आणि दाणे त्यांच्यावर थंड बसून राहतात. दोन फटाक्यांत 2-3 सेकंदांचं अंतर पडलं की लगेच उतरवा.

आणि 20 दाण्यांच्या चाचणीत पाकीट कोरडं निघालं तर? बरणीत 3 कप दाणे आणि 1 मोठा चमचा पाणी घालून झाकण घट्ट लावा, बरणी जोरात हलवा. पहिल्या दिवशी अधूनमधून हलवत राहा, म्हणजे पाणी एका जागी साचणार नाही. तीन-चार दिवसांनी पुन्हा 20 दाणे फोडून बघा. चीर गेलेल्या टरफलाला मात्र याने काहीही होत नाही. ते दाणे वाफ सोडतच राहतात.